पाय म्हणतात १५, श्वास म्हणतो ११: व्यायामाचा जोर नेमका कशावरून ठरवायचा?

प्रश्न: हृदयाच्या त्रासानंतर मला बीटा ब्लॉकरची गोळी सुरू आहे, त्यामुळे नाडी फारशी चढत नाही. म्हणून श्रम किती वाटतात ते आकड्यात सांगायच्या बोर्ग स्केलवर ११ ते १३ आणि 'बोलता येईल इतपत' व्यायाम करा असं सांगितलंय. पण जागेवरच्या सायकलवर मांड्या पेटतात, आकडा १५ वर जातो, तरी मी आरामात बोलू शकतो. चढावर चालताना उलटं होतं. पायांना काही वाटत नाही, पण वाक्य मध्येच तुटतं. मग कुणाचं ऐकायचं?

उत्तर:

वरची मर्यादा श्वासाला ठरवू द्या. पायांचा आकडा सोडून द्यायचा नाही, पण त्याचा अर्थ वेगळा लावायचा. वाक्य तुटलं तर पाय कितीही ताजे असले तरी जोर कमी करायचा. मांड्या पेटल्या पण बोलणं मोकळं आहे, तर एकूण जोर जास्त झालेला नसतो, तो थोड्या स्नायूंवर एकवटलेला असतो. अशा वेळी सायकल कशी चालवतोय ते आधी सुधारायचं. आणि आजपासून एक आकडा सांगणं बंद करा. पायांचा वेगळा आणि श्वासाचा वेगळा, असे दोन आकडे सांगायला लागा. तुमचा निम्मा गोंधळ तिथेच मिटेल.

आता यामागचं कारण. मी हृदयरुग्णांच्या पुनर्वसनात काम करतो आणि पाय व श्वास असे फाटलेले लोक आमच्याकडे नेहमी येतात. तुमच्यात काही विचित्र घडतंय असं नाही.

बोर्ग स्केल गुन्नार बोर्ग या स्वीडिश मानसशास्त्रज्ञाने तयार केलं. ते ६ पासून सुरू होऊन २० ला संपतं, हे पहिल्यांदा सगळ्यांनाच खटकतं. त्यामागे हिशोब असा होता की निरोगी तरुण माणसाने सांगितलेल्या आकड्याला दहाने गुणलं की साधारण नाडीचे ठोके यावेत. ६ म्हणजे बसल्या जागी ६०, २० म्हणजे पूर्ण जोरात २००. हा हिशोब तेव्हाही ढोबळच होता. तुमच्या बाबतीत तर तो विसरूनच जा, कारण गोळीने नाडीला लगाम घातलाय. १३ म्हणताना तुमची नाडी ९० असू शकते आणि त्यात काही चुकलेलं नाही. गोळीमुळे नाडी खाली आली म्हणून श्रमाची जाणीव त्या प्रमाणात खाली येत नाही. म्हणजे ही जाणीव मुळात हृदयाचे ठोके मोजून तयार होतच नाही.

स्केलवर आकड्यांपेक्षा त्यांच्या शेजारचे शब्द महत्त्वाचे आहेत. ९ म्हणजे खूप हलकं, ११ हलकं, १३ थोडं जड, १५ जड, १७ खूप जड, १९ अतिशय जड. आधी शब्द ठरवा, मग आकडा सांगा. "मला हे जड वाटतंय की थोडं जड?" या प्रश्नाचं उत्तर माणूस बऱ्यापैकी नेमकं देतो. "तेरा की चौदा?" असं थेट विचारलं की तो अंदाजपंचे बोलतो.

मग ही जाणीव येते कुठून? तिचे दोन मोठे स्रोत आहेत आणि बोर्ग स्केलवर काम करणाऱ्यांनी १९७० च्या सुमारासच त्यांची फारकत केली होती. पहिला स्रोत म्हणजे राबणारे स्नायू आणि सांधे, दुसरा म्हणजे छाती आणि श्वास. स्नायूंच्या बाबतीत मेंदू फक्त खालून येणारी वेदना ऐकत नसतो. स्नायूला "ढकल" असा हुकूम पाठवताना त्या हुकमाची एक प्रत तो स्वतःकडे ठेवतो, आणि हुकूम जितका मोठ्या आवाजात द्यावा लागला तितकं काम जड वाटतं. स्नायू थकला किंवा औषधाने थोडा दुबळा केला, तर तेवढंच वजन उचलायला जास्त जोराचा हुकूम लागतो, आणि वजन तेच असूनही ते जड वाटतं. म्हणून पायांचा आकडा ठरतो तो एकेका स्नायूला त्याच्या ताकदीच्या मानाने किती ढकलावं लागतं यावर. शरीर एकूण किती ऑक्सिजन वापरतंय याचा त्यात थेट हिशोब नसतो.

तुमची सायकल इथे सापडते. समजा स्क्रीनवर ५० वॅट दिसतंय आणि तुम्ही मिनिटाला ४५ फेऱ्यांनी संथ पॅडल मारताय. वॅट म्हणजे जोर गुणिले वेग. पॅडलचा दांडा नेहमीसारखा १७ सेंटिमीटरचा धरला, तर फेरीभर सरासरी सव्वासहा-साडेसहा किलोइतका जोर पॅडलवर लावावा लागतो. तेच ५० वॅट मिनिटाला ६५ फेऱ्यांनी काढले तर हा जोर साडेचार किलोच्या आत येतो. ही फेरीची सरासरी झाली. मांडी प्रत्यक्षात पॅडल खाली जाताना ढकलते, त्यामुळे त्या क्षणाचा जोर याहून बराच जास्त असतो. पण प्रमाण तेच राहतं. काम तेवढंच, मात्र प्रत्येक ढकल जवळजवळ तिसऱ्या हिश्श्याने हलकी. संथ आणि जड पॅडल मारणाऱ्याची मांडी आधी ओरडते, भरभर आणि हलकं मारणाऱ्याचा श्वास थोडा आधी बोलतो.

इथे एक सावधगिरी हवी. काही सायकली वॅट स्वतः धरून ठेवतात, तुम्ही वेग वाढवला की त्या ब्रेक आपोआप ढिला करतात. साध्या, गोल बटण फिरवायच्या सायकलवर असं होत नाही. तिथे वेग वाढवला की वॅटही वाढतात. तुमची सायकल साधी असेल तर आधी बटण सैल करा, मग फेऱ्या वाढवा.

दुसरा नेहमीचा गुन्हेगार म्हणजे सीटची उंची. सीट खाली असली की गुडघा पूर्ण वेळ जास्त वाकलेला राहतो आणि सगळा भार मांडीच्या पुढच्या स्नायूवर येतो. पॅडल सर्वांत खाली असताना गुडघा जेमतेम वाकलेला, म्हणजे २५ ते ३५ अंशांत असावा. सोपी खूण सांगतो. टाच पॅडलवर ठेवून पाय खाली नेला की गुडघा जवळजवळ सरळ व्हायला हवा, आणि त्यासाठी कंबर एका बाजूला झुकायला नको. बऱ्याच जणांची सीट यापेक्षा खाली असते, कारण पाय जमिनीला टेकले की सुरक्षित वाटतं.

आता श्वासाकडे वळू. व्यायाम करताना आरामात बोलता येतंय का ते बघायची ही टॉक टेस्ट इतकी साधी दिसते की लोक तिला घरगुती युक्ती समजतात, पण तिच्यामागे पक्कं शरीरशास्त्र आहे. आपण बोलतो ते श्वास सोडताना. बोलताना माणूस पटकन हवा आत घेतो आणि मग सावकाश, अडवून अडवून बाहेर सोडतो. एक बऱ्यापैकी लांब वाक्य चार-पाच सेकंदं खातं. बसलेल्या माणसाचे मिनिटाला १२ ते १६ श्वास चालतात, म्हणजे एका श्वासाला चार-पाच सेकंदं मिळतात आणि बोलणं त्यात सहज बसतं. व्यायामात श्वास मिनिटाला ३० झाले की एका पूर्ण श्वासाला दोनच सेकंदं उरतात, आणि सोडायला साधारण एकच. त्यात वाक्य बसवायचं तर श्वास लांबवावा लागतो, म्हणजे बोलतोय तेवढा वेळ शरीराला हवी त्यापेक्षा कमी हवा मिळते आणि कार्बन डायऑक्साइड साचायला लागतो.

जोर बेताचा असेल तर ही उधारी चालते. वाक्य संपलं की दोन मोठे श्वास घेऊन हिशोब चुकता होतो. पण एका पातळीनंतर स्नायूंमध्ये लॅक्टेट साचायला लागतं. त्याबरोबर येणारं आम्ल रक्तातलं बायकार्बोनेट शमवतं आणि त्यातून जादा कार्बन डायऑक्साइड तयार होतो. तो बाहेर टाकायला श्वास कामाच्या प्रमाणापेक्षा जास्त वेगाने वाढतो. या वळणाला व्हेंटिलेटरी थ्रेशोल्ड म्हणतात. त्याच्या पलीकडे उधारी मिळत नाही. हवा अडवली की लगेच गुदमरल्यासारखं होतं, माणूस वाक्य तोडून श्वास घेतो. टॉक टेस्ट नेमकं हे वळण पकडते. बीटा ब्लॉकर घेणाऱ्यांसाठी ती सोयीची पडते ती यामुळेच, कारण आपण नाडीला काही विचारतच नाही.

अमेरिकेत विस्कॉन्सिनमधल्या ला क्रॉस येथील कार्ल फॉस्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही चाचणी पद्धतशीर बसवली. ठरलेला उतारा मोठ्याने म्हणायचा आणि नंतर एकच प्रश्न: आरामात बोलता आलं का? उत्तरं तीन. 'हो', 'हो, पण...' आणि 'नाही'. शेवटचं निखळ 'हो' मिळतं ती पातळी वळणाच्या अलीकडची असते. पहिलं 'हो, पण' येतं ते वळणाच्या आसपास. 'नाही' म्हणजे तुम्ही वळण ओलांडून बरेच पुढे गेलात.

मग तुमचा चढ? सायकल आणि चढ यांची तुलना ऑक्सिजनच्या हिशोबाने करू. व्यायामशाळेत वापरली जाणारी नेहमीची गणितं लावली, तर ७० किलोच्या माणसाला ५० वॅटच्या सायकलला दर किलो वजनामागे मिनिटाला साधारण १५ मिलिलिटर ऑक्सिजन लागतो. तोच माणूस ताशी साडेचार किलोमीटरने सपाटीवर चालला तर ११ लागतो, आणि त्याच वेगाने सहा टक्क्यांच्या चढावर गेला तर १९. म्हणजे तुमच्या मांड्यांनी सायकलवर जिथे हात टेकले, त्यापेक्षा चढावर शरीराची मागणी पाव हिश्श्याहून जास्त आहे. आणि तरी पाय शांत, कारण चढावर काम पोटऱ्या, मांडीचा मागचा भाग, नितंब, कंबर अशा बऱ्याच स्नायूंमध्ये वाटलं जातं. सायकलवर मुख्यतः मांडीचा पुढचा भाग एकटा खिंड लढवतो. त्यामुळे सायकलवर पाय तुम्हाला वळणाच्या बरंच आधी थांबवतात, आणि चढावर पाय काहीच न बोलता तुम्हाला वळणापलीकडे घेऊन जातात. दोन्ही आकडे खरेच आहेत, ते दोन वेगवेगळ्या गोष्टींबद्दल बोलताहेत.

गोळीचाही यात थोडा वाटा असू शकतो. बीटा ब्लॉकर घेणाऱ्या काहींना पाय लवकर जड होतात, विशेषतः व्यायाम लांबला की. पण सीट आणि फेऱ्या सुधारण्याआधी दोष गोळीला देऊ नका, आणि मनाने डोस तर मुळीच कमी करू नका.

तुमची पातळी शोधायची कशी ते सांगतो. पहिल्यांदा हे देखरेखीखाली करा, जिथे व्यायाम ठरवून दिलाय तिथेच. सीट बसवून घ्या, फेऱ्या ६० ते ६५ ठेवा. २५ वॅटवर तीन मिनिटं, मग दर तीन मिनिटांनी १५ वॅट वाढवत जायचं. तीन मिनिटं कशासाठी? जोर बदलला की मांडीला ते लगेच कळतं, पण श्वास स्थिरावायला दोन-तीन मिनिटं घेतो. एका मिनिटाने विचारलं तर पायांचा आकडा आजचा आणि श्वासाचा मागच्या पायरीचा, असं होतं. प्रत्येक पायरीच्या शेवटच्या ४० सेकंदांत आधी पायांचा आकडा विचारायचा, मग श्वासाचा, आणि त्यानंतरच उतारा म्हणायला सांगायचं. हा क्रम उलटवू नका. बोलण्यानेच दम वाढतो आणि मग श्वासाचा आकडा उगाच एक-दोनने चढलेला मिळतो.

उतारा साधारण तीस शब्दांचा, पाठ असलेला, आणि गद्य असावा. कविता किंवा प्रार्थना चालत नाही असं नाही, पण तिला स्वतःची लय असते, चरण संपला की आपोआप श्वास घेतला जातो आणि अडचण झाकली जाते. नेहमीच्या गतीने, समोरच्याला ऐकू जाईल असं म्हणायचं.

अशा चाचणीचा कागद कसा दिसतो ते बघा. हे नमुन्याचं उदाहरण आहे: वय ५८, वजन ७० किलो, बीटा ब्लॉकर सुरू. २५ वॅटवर पाय ९, श्वास ८, उत्तर 'हो'. ४० वर पाय ११, श्वास १०, 'हो'. ५५ वर पाय १३, श्वास १२, 'हो', नाडी ८८. ७० वर पाय १४, श्वास १४, आणि उत्तर आलं, "हो, पण शेवटी जरा ओढाताण झाली." नाडी ९५. ८५ वर दोन्ही १६, उतारा अर्ध्यावर सोडून दिला, 'नाही', आणि चाचणी थांबवली. वळण ७० च्या आसपास आहे, म्हणून रोजच्या व्यायामाची सुरुवात ५५ वॅटवर. दहापटीचं गणित लावलं असतं तर ७० वॅटला नाडी १४० हवी होती. ती ९५ बघून कुणी "अजून बराच वाव आहे" म्हणून वॅट वाढवत नेले असते, तर माणूस 'नाही'च्या पातळीवर अर्धा तास राबला असता.

उत्तरावर विश्वास ठेवायचा, पण कान आणि डोळेही उघडे ठेवायचे. मोकळं बोलणारा माणूस श्वास घेतो तो वाक्य संपल्यावर किंवा स्वल्पविरामाला. वळण जवळ आलं की तो नामाच्या आणि क्रियापदाच्या मध्ये कुठेतरी श्वास घेतो, जिथे एरवी कुणी थांबणार नाही, आणि तो आत घेतलेला श्वास ऐकू येतो. वाक्याचा शेवटचा शब्द पुटपुटला जातो. काही जण उलट गती वाढवतात, एकदाचं संपवून टाकायला. ५५ वॅटला तीस शब्दांत दोनदा थांबलेला माणूस ७० ला पाचदा थांबला आणि तरीही 'हो' म्हणाला, तर मी ते 'हो, पण' धरतो. चांगलं करून दाखवायची हौस फार जणांना असते. त्यांना आकडाही हवा तोच सुचतो: १३ सांगितलंय ना, मग १३. म्हणून विचारणाऱ्याने "तेराच ना?" असं कधी विचारू नये. तक्ता समोर धरावा आणि बोट ठेवायला सांगावं.

शेजारच्या सायकलवरच्या माणसाशी गप्पा मारता येतात म्हणजे टॉक टेस्ट पास, असंही नाही. नीट ऐका, त्या गप्पा बहुतेक "हो ना", "अगदी", "मग काय" अशा असतात. त्या ८५ वॅटलाही जमतात.

आकड्यांमध्ये आणखी एक घोळ होतो, दुखण्याचा आणि श्रमाचा. गुडघा दुखतोय म्हणून कुणी १५ सांगतो. गुडघ्याचं दुखणं या स्केलवर मोजायचं नाही, ते वेगळं सांगायचं. छातीतला दाब, जडपणा, जबड्यात किंवा हातात उतरणारी कळ हेही 'श्रम' नाहीत. ते आलं की आकडा न शोधता थांबायचं आणि लगेच सांगायचं. चक्कर, डोळ्यांपुढे अंधारी, ठोके अनियमित जाणवणं यालाही हेच लागू.

वरचं टोक कुठे आहे हेही ठाऊक हवं. २० म्हणजे तुम्ही आयुष्यात जास्तीत जास्त दमलात तो क्षण, ६ म्हणजे खुर्चीत बसलात तेव्हा. ज्याला गेल्या कित्येक वर्षांत कधी धाप लागलीच नाही, त्याचं २० फार खाली असतं आणि तो सुरुवातीला जरा श्रमाला १७ सांगतो. दोन-तीन आठवड्यांत त्याची मोजपट्टी सरकते. तोवर मी त्याच्या आकड्यापेक्षा त्याच्या वाक्याकडे जास्त बघतो.

एक स्केल शून्य ते दहाचंही आहे, तेही बोर्ग यांचंच. त्यात ३ म्हणजे मध्यम आणि ५ म्हणजे जड. एके ठिकाणी १० म्हणजे कमाल आणि दुसरीकडे १० म्हणजे अगदी किरकोळ, त्यामुळे वहीत नुसता "१०" लिहू नका, कुठल्या स्केलवरचा ते लिहा. फुप्फुसाचा जुना आजार किंवा दमा असलेल्यांना दम मोजायला आम्ही हेच छोटं स्केल देतो. त्यांच्या बाबतीत टॉक टेस्ट लवकर 'नाही' म्हणते, कारण तिथे अडचण श्वासनलिकेत असते, स्नायूंतलं वळण अजून लांब असतं. त्यांना टॉक टेस्टची मर्यादा जशीच्या तशी लावली तर ते कधीच पुरेसा व्यायाम करू शकणार नाहीत. तुम्हाला असा आजार असेल तर माझं वरचं "श्वासाला ठरवू द्या" तुमच्यासाठी तसंच्या तसं धरू नका.

तुम्ही उद्यापासून काय करायचं ते सांगतो. सायकलवर सीट वर घ्या, फेऱ्या ६० च्या पुढे ठेवा आणि बटण एक घर सैल करा. पायांचा आकडा १३ वर येईल अशी अपेक्षा आहे. तो १४ वर राहिला आणि बोलणं निखळ मोकळं असेल, तर चालू ठेवा, मांड्यांना ताकद यायला काही आठवडे लागतात. १५ च्या वर मात्र मी राहू देत नाही, भले तुम्ही गप्पा मारत असा. जड पॅडल ढकलताना माणूस नकळत हँडल आवळतो, दात खातो, श्वास धरतो, आणि त्याने रक्तदाब चढतो. मांड्यांचा आकडा वर जाताना हातांची पकड बघा, त्यावरून कळतं.

चढावर जोर कमी करायला दोन वाटा आहेत. सहा टक्के चढ तसाच ठेवून वेग ताशी ३.६ किलोमीटरवर आणला, किंवा वेग तोच ठेवून चढ चार टक्क्यांवर आणला, तरी ऑक्सिजनची मागणी १९ वरून साधारण १६ वर येते. ट्रेडमिलवर कुठलंही करा. बाहेर चढ आपल्या हातात नसतो, म्हणून तिथे वेगच कमी करायचा, आणि तो चढ सुरू होताच, दम लागल्यावर नव्हे. पहिल्या मिनिटाला श्वास शांत असतो म्हणून सगळे फसतात आणि सपाटीच्याच वेगाने वर निघतात. बोलून बघायचं तेही चढाच्या तिसऱ्या मिनिटाला.

पातळी एकदा सापडली म्हणजे पूर्ण अर्धा तास ती टिकते असंही नाही. तीन मिनिटांच्या पायरीला मिळालेलं 'हो' विसाव्या मिनिटाला 'हो, पण' होऊ शकतं. उकाडा असेल तर लवकर. म्हणून दहाव्या आणि विसाव्या मिनिटाला पुन्हा उतारा म्हणा आणि गरज पडली तर एक पायरी उतरा. वॅट धरून ठेवायचा अट्टहास नको, बोलणं धरून ठेवा.

वहीत रोज चारच गोष्टी लिहा: वॅट किंवा वेग आणि चढ, पाय, श्वास, बोलण्याचं उत्तर. हळूहळू त्याच ५५ वॅटला पाय १३ वरून ११ वर येतील, मग १० वॅट वाढवायचे. गोळीचा डोस बदलला तर नाडीचे जुने आकडे रद्द समजा. पाय, श्वास आणि उत्तर या तीन नोंदी मात्र वापरत राहा, फक्त पहिला आठवडाभर जरा जपून.

आणि पुढची नोंद दिसली तर पुढच्या भेटीची वाट बघू नका. तेवढ्याच वॅटला, तेवढ्याच फेऱ्यांना पाय पूर्वीसारखेच आहेत, पण श्वासाचा आकडा लागोपाठ तीन-चार वेळा दोनने वर येतोय आणि 'हो'चं 'हो, पण' झालंय. सर्दी-ताप नाही, उकाडा नाही, झोपही झालीय. स्नायू तेवढेच राबताहेत आणि दम मात्र वाढलाय, म्हणजे कारण पायांत नाही. रक्त कमी होणं, फुप्फुसांत किंवा अंगात पाणी साचणं, हृदयाचा जोर कमी पडणं, यांपैकी काहीही असू शकतं. पाऊल सुजलंय का, दोन-तीन दिवसांत वजन अचानक वाढलंय का, रात्री आडवं पडल्यावर दम लागतो का हे बघा आणि वही घेऊन डॉक्टरांकडे जा. याच्या उलट, चालताना एकाच पोटरीत ठरावीक अंतरावर गोळा येतो, थांबलं की दोन-चार मिनिटांत जातो आणि पुन्हा तेवढंच चाललं की येतो, असं असेल तर तेही सांगा. तो थकलेला स्नायू नसतो, पायाच्या रक्तवाहिनीची तपासणी लागते.